मदत हवी आहे: पहिलीतल्या मुलीचा गृहपाठ रोज दीड तास चालतो

तापीकाठ: मुलगी पहिलीत आहे. गृहपाठ संपता संपत नाही, रोज रडारड. काल वैतागून शेवटच्या दोन ओळी मीच तिच्यासारखं अक्षर काढून लिहिल्या. आज बाईंनी वहीवर 'छान' असा शेरा दिला. तेव्हापासून मन खातंय. पहिलीला गृहपाठ किती असावा आणि आईने किती हात लावावा? लवकर सांगा, संध्याकाळी पुन्हा तेच आहे.

भुसावळकर: गृहपाठ म्हणजे नेमकं काय देतात? माध्यम कोणतं? किती वाजता बसता?

धुळे_१८: दुसरीपर्यंत गृहपाठावर कायद्याने बंदी आहे. सरळ गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज करा.

तापीकाठ: अर्ज नको, गाव लहान आहे. मराठी माध्यम. रोज १ ते १०० अंकात आणि एक पान शुद्धलेखन. मी सातला दुकानातून आले की बसतो, साडेआठ होतात.

पाचोऱ्याची_आई: आमच्या मुलाला पहिलीपासून रोज दोन तास बसवलं. आज पाचवीत आहे, नवोदयची तयारी करतोय. सवय लागते. शिकवणी लावा.

भुसावळकर: त्यांनी शिकवणी विचारलेलीच नाही. आणि सहा वर्षांच्या लेकराला दोन तास?

जुने_गुरुजी: धुळेकर, २०२० च्या केंद्राच्या दप्तर धोरणात दुसरीपर्यंत लेखी गृहपाठ नको, असं आहे. मुलांनी संध्याकाळ कशी घालवली, काय खेळले ते वर्गात सांगावं, असं सुचवलंय. पण ते धोरण आहे, कायदा नव्हे. ताई, ती १ ते १०० कशी लिहिते? ओळीने, की उभ्या रांगेत?

तापीकाठ: उभी. आधी खाली खाली २ २ २ लिहिते, मग शेजारी १ २ ३. वीस मिनिटांत होतं. तासभर जातो तो शुद्धलेखनात. एकेक अक्षर पाहून लिहिते आणि 'माले नही जमत' म्हणत राहते. घरी आम्ही अहिराणीच बोलतो.

जुने_गुरुजी: म्हणजे शंभर आकडे भरले तरी ती संख्या लिहीत नाही, दोन पट्ट्या भरते. मधूनच 'सत्तेचाळीस लिही' म्हणा. ७४ लिहिलं तर घाबरू नका, आपण बोलताना सात आधी येतो आणि चाळीस नंतर. झाडूच्या काड्यांच्या दहा-दहाच्या जुड्या बांधा. चार जुड्या, सात सुट्या काड्या तिने मांडायच्या, मग लिहायचं. रोज पाच संख्या पुरेत.

शुद्धलेखनातही तेच. अक्षरागणिक मान वर होते म्हणजे ती शब्द वाचत नाही, चित्र उतरवते. आधी ओळ तिच्याकडून वाचून घ्या, अर्थ अहिराणीत सांगा. मग एक शब्द झाकून तिला आठवणीतून लिहू द्या. अशा दोन ओळी पंधरा मिनिटांत होतील. जिथे वेळ संपेल तिथे रेघ मारा, 'इथपर्यंत १५ मिनिटं लागली' असं लिहून सही करा. चूक खोडू नका, 'हा शब्द परत वाच' एवढंच म्हणा. तरी राहिली तर राहू द्या. चूक पुसून वही पाठवली तर बाईंना कळणार कसं की तिला काय येत नाही?

रावेर_केळीबाग: म्हणूनच २०१९ ला दुसरीच्या गणितात 'वीस एक, वीस दोन' आणलं होतं. तेच बरोबर होतं.

धुळे_१८: अजिबात नाही. बाजारात 'वीस सात रुपये' कोण म्हणतं? पोर घरी एक ऐकणार, शाळेत दुसरं.

रावेर_केळीबाग: आणि ४७ चे ७४ होतात त्याचं काय?

भुसावळकर: तो वाद वेगळ्या धाग्यावर घ्या. तापीकाठ, लिहिताना नाक वहीला टेकतं का? माझ्या भाचीचं तसंच होतं, चष्मा लागला. आणि सातला बसण्याआधी ती जेवलेली असते का?

तापीकाठ (चार दिवसांनी): नाक टेकत नाही. जेवण आता आधी देते, निम्मी रडारड त्यानेच गेली. सत्तेचाळीस सांगितलं तर खरंच ७४ लिहिलं. आता काड्या स्वतःच मांडते, काल पाचपैकी तीन बरोबर आल्या. मी लिहिलेल्या दोन ओळींचंही बाईंना सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, 'बाकीच्यांचं पूर्ण होतं', पण शनिवारपर्यंत अर्धं पान चालेल. पुढचं माहीत नाही.

अडचण दुसरीच निघाली. मी दुकानात असताना सासूबाई तिचा हात धरून राहिलेलं पान पूर्ण करून ठेवतात. नातीला बाई बोलतील, अशी त्यांना भीती वाटते. त्यांना न दुखावता कसं सांगू?

जुने_गुरुजी: सांगू नका, काम द्या. शुद्धलेखनाची ओळ आजीने ऐकायची आणि काड्या आजीने मोजून घ्यायच्या. पेन्सिल मात्र नातीच्याच हातात.

पाचोऱ्याची_आई: आमच्याकडे सासूबाईंनीच पाढे पाठ करून घेतले. अर्धं पान मला कमीच वाटतं.