शब्दचर्चा : 'प्रिसीडन्स ग्राफ'मधले 'पूर्व' नेमके कशाच्या पूर्वी?

मृणाल : डेटाबेस विषयाच्या टिपणांचे मराठीकरण करताना 'कॉन्फ्लिक्ट सिरिअलायझेबिलिटी' आणि 'प्रिसीडन्स ग्राफ' या दोन शब्दांपाशी मी अडले आहे. पहिल्यासाठी 'संघर्ष-क्रमनीयता' आणि दुसऱ्यासाठी 'अग्रक्रम आलेख' असे शब्द मी योजले होते. परंतु माझे टिपण वाचणाऱ्या दोघांनी 'अग्रक्रम' याचा अर्थ 'कोणत्या ट्रॅन्झॅक्शनला प्राधान्य द्यायचे' असा घेतला. टिपणात दिलेले शेड्यूल असे आहे :

```
r1(A)  w2(A)  r3(B)  w1(B)
```

येथे r म्हणजे वाचणे आणि w म्हणजे लिहिणे; आकडा ट्रॅन्झॅक्शनचा आहे. यातल्या बाणांना काय म्हणावे?

ओंकार : 'अग्रक्रम' सोडून द्यावा हे मला पटते, कारण त्यात निवडीचा भाव आहे. 'पूर्वक्रम आलेख' म्हणावे. जे ट्रॅन्झॅक्शन आधी घडले त्याच्याकडून नंतरच्याकडे बाण काढायचा, एवढाच त्याचा अर्थ आहे. तुमच्या उदाहरणात T1 सर्वांत आधी सुरू झाले, मग T2, मग T3. म्हणून बाण त्याच क्रमाने जातील आणि चक्र होणार नाही.

श्रीधर : ओंकार, चक्र होत नाही हा निष्कर्ष बरोबर आहे, पण बाण तुम्ही म्हणता तसे जात नाहीत, आणि शब्दाची खरी अडचण तिथेच आहे. बाण ट्रॅन्झॅक्शनच्या सुरुवातीवरून काढत नाहीत; तो दोन क्रियांवरून काढतात. त्या दोन क्रिया वेगवेगळ्या ट्रॅन्झॅक्शनच्या असल्या पाहिजेत, एकाच वस्तूवर असल्या पाहिजेत, आणि त्यांपैकी निदान एक लिहिण्याची असली पाहिजे. A वर r1 आधी आणि w2 नंतर आहे, म्हणून T1 कडून T2 कडे बाण. B वर r3 आधी आणि w1 नंतर आहे, म्हणून T3 कडून T1 कडे बाण. T2 आणि T3 यांचा एकमेकांशी संबंधच येत नाही, तेव्हा त्यांच्यात बाण नाही. बाणांच्या दिशेने वाचले तर क्रम येतो T3, T1, T2.

आता मूळ शेड्यूलकडे पुन्हा पाहा. T2 ची एकमेव क्रिया T3 सुरू होण्यापूर्वीच संपलेली आहे, आणि तरीही समतुल्य क्रमात T3 सर्वांत पहिले व T2 सर्वांत शेवटचे येते. यात काही चुकले आहे असे वाटत असेल, तर शेजारशेजारच्या, परस्परांशी विरोध नसलेल्या क्रियांची अदलाबदल करून पाहा :

```
r1(A)  w2(A)  r3(B)  w1(B)
r1(A)  r3(B)  w2(A)  w1(B)
r1(A)  r3(B)  w1(B)  w2(A)
r3(B)  r1(A)  w1(B)  w2(A)
```

तीन अदलाबदलींत शेड्यूल पूर्णपणे एकामागून एक चालणारे झाले आणि कोणत्याही वाचनाला वेगळे मूल्य मिळाले नाही. म्हणून घड्याळातला 'आधी' आणि या आलेखातला 'आधी' हे दोन वेगळे 'आधी' आहेत. याच कारणाने शेड्यूलला 'वेळापत्रक' म्हणणेही मला खटकते, कारण त्यात वेळ नोंदलेली नसते, क्रियांचा केवळ क्रम असतो.

ओंकार : हे माझ्या लक्षात आले नव्हते. मग प्रत्येक जोडी घेऊन, दोघांत उलटसुलट बाण नाहीत ना एवढे तपासले की पुरे, असे म्हणता येईल का?

श्रीधर : नाही, तेवढ्याने भागत नाही. याच शेड्यूलच्या शेवटी `r3(A)` ही एकच क्रिया जोडा. A वर w2 आधी झालेले आहे, म्हणून T2 कडून T3 कडे नवा बाण येतो. आता T1 कडून T2, T2 कडून T3 आणि T3 कडून पुन्हा T1 असे चक्र पूर्ण झाले. कोणत्याही एका जोडीत दोन्ही दिशांचे बाण नाहीत, तरी हे शेड्यूल चाचणीत नापास होते. जोड्या तपासणाऱ्याला ते निर्दोष वाटेल.

नीलिमा : मला हा अनुभव प्रत्यक्ष आलेला आहे. आमच्या प्रणालीत दोन प्रोग्रॅम एकाच वेळी चालत असताना PostgreSQL कडून `deadlock detected` असा संदेश येई आणि एक प्रोग्रॅम रद्द होई. ते याच आलेखातले चक्र असणार. मग त्याला सरळ 'अडवणूक आलेख' का म्हणू नये?

श्रीधर : नीलिमाताई, तुमचा अनुभव खरा आहे, पण ते चक्र दुसऱ्या आलेखातले आहे. तिथे बाण 'कोण कोणाच्या कुलुपासाठी थांबले आहे' हे दाखवतो, आणि चक्र झाले की त्यातले कोणीच पुढे सरकू शकत नाही. इथे उलट परिस्थिती असते. चक्र असलेल्या शेड्यूलमध्ये सगळ्या क्रिया विनाअडथळा पूर्ण होऊ शकतात. फक्त त्यांचा एकत्रित परिणाम क्रिया अदलाबदलून कोणत्याही एकामागून एक क्रमापर्यंत नेता येत नाही. थांबणे ताबडतोब दिसते, हे मात्र दिसत नाही, म्हणून 'अडवणूक' हा शब्द इथे दिशाभूल करील.

नीलिमा : मग संदेश न येताही माझ्या नोंदी चुकलेल्या असू शकतात?

श्रीधर : असू शकतात. PostgreSQL मध्ये आपण वेगळे सांगितले नाही तर जी पातळी लागू असते, ती ही हमी देत नाही. `SERIALIZABLE` पातळी मागितली, तर धोक्याची रचना आढळताच एक ट्रॅन्झॅक्शन `40001` या सांकेतिक क्रमांकाने रद्द होते आणि ते पुन्हा चालवण्याची जबाबदारी आपल्यावर येते. तिथेही पूर्ण चक्र शोधले जात नाही. लागोपाठच्या दोन विशिष्ट बाणांवरून संशय घेतला जातो, त्यामुळे एखादे निर्दोष ट्रॅन्झॅक्शनही रद्द होऊ शकते.

वसुधा : मी भाषेच्या बाजूने लिहिते. 'क्रमनीय' हे रूप व्याकरणात बसत नाही. 'क्रम्' धातूपासून 'क्रमणीय' होईल, आणि त्याचा अर्थ 'ओलांडण्याजोगा' असा होतो, जो इथे अभिप्रेत नाही. श्रीधरांच्या अदलाबदलीवरून मला असे दिसते की शेड्यूल स्वतः क्रमिक नसते, ते एखाद्या क्रमिक शेड्यूलशी तुल्य असते. मग 'क्रमिकतुल्यता' का म्हणू नये? आलेखासाठी 'पूर्वापर आलेख' सुचवते. 'पूर्वापर संबंध' आपण घड्याळाशिवायही बोलतो. 'संघर्ष' मात्र मला जड वाटतो. संघर्ष म्हटले की तो मिटवायला हवा असे वाटते, आणि इथे तर प्रत्येक साध्या बाणामागे तो असतोच. 'विरोध' बरा.

मृणाल : 'क्रमिकतुल्यता' मला फार आवडला. पण मग 'विरोध' हा उपसर्गासारखा शब्द हवाच का? नुसते 'क्रमिकतुल्य' पुरेल ना?

श्रीधर : तो हवाच, कारण त्याशिवाय अर्थ मोठा होतो. हे शेड्यूल पाहा :

```
r1(A)  w2(A)  w1(A)  w3(A)
```

r1 आणि w2 मुळे T1 कडून T2 कडे बाण आहे, w2 आणि w1 मुळे T2 कडून T1 कडे आहे, म्हणजे चक्र आहे. तरी T1, T2, T3 असे एकामागून एक चालवले तरी T1 तेच मूल्य वाचते आणि A मध्ये शेवटी T3 चेच मूल्य उरते, कारण T2 व T3 न वाचताच लिहितात. हे शेड्यूल क्रमिकतुल्य आहे, पण विरोधाच्या निकषावर नाही. तो व्यापक निकष तपासणे एनपी-कम्प्लीट असल्याचे ख्रिस्तोस पापादिमित्रिऊ यांनी १९७९ साली दाखवले. चक्र शोधणे त्या मानाने अगदी स्वस्त आहे. म्हणून आपण हा अरुंद निकष स्वीकारतो, आणि तो अरुंद आहे हे नावात दिसायला हवे.

वसुधा : मग 'विरोधसापेक्ष क्रमिकतुल्यता' म्हणावे लागेल. लांब आहे, पण अर्थ सांडत नाही.

मृणाल : टिपणात तोच शब्द घालते. 'पूर्वापर आलेख' मात्र अजून कच्च्या यादीत ठेवला आहे, कारण 'पूर्वापार' असे चुकून वाचले जाण्याची भीती मला वाटते.

ओंकार : मला अजूनही 'पूर्वक्रम'च सोपा वाटतो, बाण क्रियांवरून काढायचा हे खाली स्पष्ट लिहिले तर.