मदत हवी आहे : ४ × १०० मीटर रिलेत कोणत्या मुलीला कुठे पळवावे?

सप्रेम नमस्कार. खानापूर तालुक्यातील आमच्या माध्यमिक शाळेच्या मुलींचा रिले संघ जिल्हा स्पर्धेसाठी तयार होत असून धावण्याच्या क्रमाबाबत जाणकारांचा सल्ला हवा आहे. ४०० मीटरच्या मैदानावर पहिला व तिसरा टप्पा वळणावर, तर दुसरा व चौथा सरळ भागात येतो.

पहिल्या टप्प्याबाबत शंका नाही. ब्लॉकमधून सर्वांत चपळ सुटणारी मुलगी तिथे असेल. ती उजव्या हातात बॅटन धरून लेनच्या आतल्या रेषेलगत पळते. तिसऱ्यासाठी बुटकी, छोट्या पावलांची मुलगी निवडली आहे, कारण वळणावर तिचा वेग फारसा पडत नाही, उंच मुली मात्र तिथे बाहेरच्या रेषेकडे ढकलल्या जातात.

प्रश्न उरलेल्या दोघींचा आहे. एक उंच मुलगी संघात सर्वांत वेगवान आहे, पण बॅटन पुढे देताना तिचा हात डगमगतो आणि पुढची धावपटू वेग कमी करून मागे वळून पाहते. दुसरी किंचित मंद असली तरी घेणे व देणे दोन्ही सफाईने करते. दुसऱ्या टप्प्यात दोन्ही कामे करावी लागतात, शेवटच्या टप्प्यात फक्त घ्यायचे असते. म्हणून उंच मुलीला शेवटी ठेवावे असे मला वाटते. मात्र दुसऱ्या टप्प्यात बॅटनसह जास्त अंतर पळता येत असल्याने सर्वांत वेगवान मुलगी तिथेच हवी, असे आमचे एक ज्येष्ठ शिक्षक म्हणतात. तुमच्या अनुभवानुसार कोणता क्रम योग्य ठरेल?