पांथरी मोठी, तिन्ही पेशी कमी: रुग्णाचं गाव विचारा

> "घणसोलीच्या साइटवरचा फरशी कामगार, दीड महिना ताप, पांथरी बेंबीपर्यंत. हिमोग्लोबिन ७, पांढऱ्या पेशी १९००, प्लेटलेट ६२ हजार. मलेरिया निगेटिव्ह. ल्युकेमिया असेल का?"

ल्युकेमिया बघाच, पण आधी त्याचं मूळ गाव विचारा. बिहार, झारखंड, पूर्व उत्तर प्रदेश किंवा बंगाल असेल तर काळा आजार डोक्यात हवाच. ठाणे-नवी मुंबईत तो सहसा होत नाही, म्हणून आठवतही नाही. पण वालुमाशी गावी चावते आणि ताप कित्येक महिन्यांनी इथे येतो.

लिश्मानियाचे परजीवी पांथरी आणि अस्थिमज्जेतल्या भक्षक पेशींत वाढतात. फुगलेली पांथरी रक्तपेशी अडवते, मज्जेतही बिघाड होतो, म्हणून तिन्ही ओळी घसरतात. अल्ब्युमिन कमी आणि ग्लोब्युलिन जास्त असेल तर संशय बळावतो.

बोटाच्या थेंबावर आरके३९ पट्टी करा. मात्र उपचारानंतरही ती कित्येक महिने पॉझिटिव्ह राहते; पूर्वी काळा आजार झालेला असेल तर तिच्यावर विसंबू नका, मज्जेच्या स्लाइडवर परजीवी शोधा. पेशीत गोल केंद्रक आणि शेजारी बारीक दांडी, असे दोन ठिपके दिसले की निदान पक्कं. एचआयव्ही तपासणीही करून घ्या, कारण तो असला तर पट्टी निगेटिव्ह येऊ शकते आणि उपचारही लांबतात.