दार बदललं की संधी दुप्पट कशी होते? मला अजून पटलेलं नाही

कोरीपाटी
तीन बंद दारं आहेत. एकामागे गाडी, दोनांमागे शेळ्या. मी 1 नंबरचं दार सांगितलं. गाडी कुठे आहे हे ठाऊक असलेल्या सूत्रसंचालकाने 3 नंबरचं दार उघडून शेळी दाखवली आणि विचारलं, "बदलून 2 घेणार का?" सगळे म्हणतात की बदल, संधी दुप्पट होते. माझं म्हणणं असं की आता दोनच बंद दारं उरली, गाडी यात नाहीतर त्यात. मग निम्मं-निम्मं का नाही? सूत्र नको, माझं नेमकं कुठे चुकतंय ते सांगा.

रोखठोक
तुमचं कुठेही चुकत नाहीये. दार उघडलं म्हणून गाडी जागची हलली नाही. सुरुवातीला 1 आणि 2 या दोन्ही दारांची शक्यता सारखी होती. "3 मागे गाडी नाही" ही बातमी दोघांनाही सारखीच लागू होते. मग एकट्या 2 ची शक्यता वाढावी हे कशाच्या जोरावर? याचं सरळ उत्तर मला आजवर कोणी दिलेलं नाही. शंभर दारांची गोष्ट तेवढी सगळे सांगतात.

वाटाड्या
शंभर दारांची गोष्ट सांगतात कारण ती बरोबर आहे! 100 दारांतून तुम्ही एक घेतलंत आणि त्याने उरलेल्यांतली 98 उघडली, सगळीकडे शेळ्याच. आता त्याने न उघडलेलं ते एकच दार सोडून तुम्ही स्वतःच्या दाराला चिकटून बसाल? इथेही तेच आहे. तुमच्या दाराकडे 1/3, बाकीच्या दोघांकडे मिळून 2/3. त्यातलं एक उघडलं की त्याचा वाटा शेजारच्या बंद दाराला मिळतो. दार कोणी का उघडेना, अगदी वाऱ्याने उघडलं तरी हिशेब हाच.

आकडेमोड
वाटाड्या, उत्तर बरोबर आहे, पण वाऱ्याचं वाक्य चूक आहे, आणि सगळी गंमत त्याच वाक्यात आहे. त्याकडे नंतर येतो. आधी रोखठोक यांचा प्रश्न घेऊ, कारण तो कळीचा आहे.

बातमी फक्त "3 मागे गाडी नाही" एवढीच नाही. बातमी अशी आहे की "सूत्रसंचालकाने 2 सोडून 3 उघडलं". 1 नंबरचं दार तुम्ही धरलेलं होतं, ते तो उघडणारच नव्हता. 2 नंबरचं उघडू शकत होता, तरी उघडलं नाही. म्हणजे 2 नंबरचं दार एका चाळणीतून टिकून बाहेर आलं, 1 नंबरचं त्या चाळणीत पडलंच नव्हतं.

असे 600 खेळ धरा, प्रत्येक वेळी तुम्ही 1 नंबर सांगता. गाडी 200 वेळा 1 मागे, 200 वेळा 2 मागे, 200 वेळा 3 मागे. आता फक्त तेच खेळ मोजायचे ज्यांत 3 नंबरचं दार उघडलं गेलं, बाकीचे बाजूला काढायचे.

गाडी 1 मागे असताना त्याला 2 किंवा 3 कुठलंही चालतं. तो मनात नाणं उडवतो असं धरलं तर 200 पैकी 100 वेळा 3 उघडेल. गाडी 2 मागे असताना तुमचं दार उघडायचं नाही आणि गाडी दाखवायची नाही, म्हणून त्याला 3 उघडण्यावाचून गत्यंतर नाही. इथे 200 च्या 200 वेळा 3. गाडी 3 मागे असताना तो 3 उघडणारच नाही, म्हणजे शून्य.

तर 3 नंबर उघडलेले खेळ झाले 300. त्यांतल्या 200 खेळांत गाडी 2 मागे, 100 खेळांत 1 मागे. सशर्त संभाव्यता म्हणतात ती एवढीच. अटीत न बसणारे खेळ काढून टाकायचे आणि उरलेल्यांत मोजायचं. तुमच्या दाराचे निम्मे खेळ या चाळणीत गळाले, 2 नंबरचा एकही गळाला नाही. दुप्पट आलं ते तिथून.

पत्तेवाली
मला हे कागदावर कधीच पटलं नाही, सूत्रसंचालक झाल्यावर पटलं. तीन पत्ते, एक एक्का आणि दोन दुऱ्या. भावाला उलटे ठेवून निवडायला लावले, मी मात्र आधी बघून ठेवलेले. त्याने दुरीवर बोट ठेवलं की माझा हात एकाच पत्त्याकडे जायचा, कारण दुसरा एक्का असायचा, तो झाकूनच ठेवावा लागायचा. मी मोकळी फक्त तेव्हाच असायचे जेव्हा त्याने थेट एक्का धरलेला असायचा. तेव्हा कुठला उलटू म्हणून मी क्षणभर थांबायचे. हे थांबणं क्वचित यायचं. बहुतेक वेळा हात बांधलेलेच, आणि हात बांधलेले म्हणजे मी न उलटलेला पत्ता हा एक्काच. खेळणाऱ्याच्या बाजूने बसून हे दिसत नाही.

कोरीपाटी
पत्तेवाली, हे "हात बांधलेले" लगेच कळलं. म्हणजे मी पहिल्यांदा चुकलो असेन तर त्याने झाकून ठेवलेलं दार हमखास गाडीचं. आणि मी पहिल्यांदा चुकतो तीनातून दोनदा. पण मग वाऱ्याने दार उघडलं तर हिशेब का बदलावा? मला तर तीच शेळी दिसते आहे.

अभ्यासू
मला हे माझ्या परीक्षेत लागू करायचं होतं. भौतिकशास्त्राचा प्रश्न, अ, ब, क असे तीन पर्याय. काहीच येत नव्हतं म्हणून अंदाजाने ब वर खूण केली. मग क चं एकक तपासलं तर ते जुळतच नव्हतं, म्हणजे क बाद. या नियमाने मी ब सोडून अ घ्यायला हवं होतं ना? मी बदललं आणि उत्तर ब च होतं. अजून हळहळ वाटते.

आकडेमोड
कोरीपाटी, अभ्यासू, तुम्हा दोघांचा प्रश्न एकच आहे.

वाऱ्याला गाडी कुठे आहे हे ठाऊक नाही. समजा वारा 2 किंवा 3 यांतलं एक कुठलंही दार उघडतो. पुन्हा 600 खेळ. गाडी 1 मागे असताना 100 वेळा 3 उघडेल. गाडी 2 मागे असताना इथेही फक्त 100 वेळा, कारण वाऱ्याचे हात बांधलेले नाहीत, उरलेल्या 100 वेळा तो 2 उघडून गाडीच दाखवेल. गाडी 3 मागे असताना 100 वेळा 3 उघडून गाडी दाखवेल. आता "3 उघडलं आणि शेळी दिसली" असे खेळ 200 उरले, 100 इकडे, 100 तिकडे. निम्मं-निम्मं. डोळ्यांना दिसलं तेच, पण उत्तर वेगळं.

अभ्यासू, तुम्ही क तपासलात तेव्हा क बरोबरही निघू शकला असता. त्या तपासणीला ना उत्तर माहीत होतं, ना तुमची खूण वाचवायची होती. तीही वाऱ्यासारखीच. म्हणून अ आणि ब समसमान राहिले. बदलून तुम्ही काही गमावलं नव्हतं, पण दुप्पट असं काही मिळणारही नव्हतं. तपासणाऱ्याला उत्तर ठाऊक असेल आणि तुमची खूण सोडून एक चुकीचा पर्याय त्याला खोडावाच लागणार असेल, तरच बदलण्यात फायदा.

वाटाड्या
वाऱ्याचं मागे घेतो. मग माझा "वाटा शेजारच्याला मिळतो" हा नियमही सगळीकडे चालत नाही तर?

आकडेमोड
नाही चालत. तुमचं दार 1/3 वर टिकून राहणं हेसुद्धा सूत्रसंचालकाच्या सवयीवर अवलंबून आहे. समजा तो आळशी आहे आणि जमेल तेव्हा त्याच्या जवळचं 3 नंबरच उघडतो. मग गाडी 1 मागे असतानाही 200 च्या 200 वेळा 3, गाडी 2 मागे असताना 200. आता 3 उघडलेलं दिसलं तर दोन्ही दारं समसमान! आणि कधी 2 उघडलं तर गाडी नक्की 3 मागे. तरी सगळे 600 खेळ मिळून नेहमी बदलणारा 400 वेळाच जिंकतो. म्हणजे त्याची सवय कशीही असली तरी बदलल्याने तोटा होत नाही, फक्त त्या विशिष्ट क्षणीचा आकडा निम्म्यापासून एकपर्यंत सरकतो. नेमका 2/3 येतो तो मनातल्या नाण्यामुळे.

रोखठोक
600 चा हिशेब मी स्वतः मांडून पाहिला. तो बरोबर आहे, माझं "दोघांनाही सारखीच लागू" हे चूक होतं. पण दुसरी हरकत सोडत नाही. तुम्ही गृहीत धरलंत की तो दर वेळी दार उघडतो आणि दर वेळी बदलायची मुभा देतो. हे प्रश्नात कुठे लिहिलं आहे? कोरीपाटींनी एवढंच लिहिलं की त्याला ठाऊक होतं आणि त्याने उघडलं. मी गाडी धरली तरच तो मला भुलवायला दार उघडत असेल, तर बदलणारा प्रत्येक वेळी हरेल.

आकडेमोड
ही हरकत अगदी रास्त आहे. 1990 मध्ये मेरिलिन व्होस सॅव्हंट यांनी परेड या अमेरिकन नियतकालिकातल्या त्यांच्या सदरात "बदला" असं उत्तर दिलं, तेव्हा सुमारे 10,000 पत्रं आली, त्यांत डॉक्टरेटवाल्यांचीही पुष्कळ. तिथल्या प्रश्नातही "ज्याला ठाऊक आहे" एवढंच होतं, "तो दर वेळी उघडतोच" असं नव्हतं. खुद्द माँटी हॉल, ज्यांच्या 'लेट्स मेक अ डील' या कार्यक्रमावरून हे कोडं निघालं, त्यांनी 1991 मध्ये एका वार्ताहराला हाच खेळ घरी खेळून दाखवला आणि मुभा कधी द्यायची हे हातात असेल तर समोरच्याला कसं हरवता येतं तेही दाखवलं. पण पत्रं लिहिणाऱ्या बहुतेकांची चूक ही नव्हती. त्यांनी नियम मान्य करूनही निम्मं-निम्मंच म्हटलं होतं. पॉल एर्डोशसारख्या गणितज्ञानेसुद्धा संगणकावर खेळ पुन्हा पुन्हा चालवलेला पाहिल्यावरच ते मानलं.

रोखठोक
मग "बदललं की दुप्पट" असं नुसतं सांगू नये, आधी नियम सांगावा. नियमाविना या प्रश्नाला उत्तरच नाही असं माझं मत आहे.

पत्तेवाली
मला हे टोकाचं वाटतं. सूत्रसंचालकाला ठाऊक आहे असं सांगितलं, त्याने मुद्दाम शेळी दाखवली, तर साधा वाचक "हा खेळच असा आहे" असंच धरेल. प्रत्येक कोड्यात कोणाच्या तरी डावाची शंका घ्यायची का?

कोरीपाटी
तुमचं चालू द्या, मी तोवर चार दारं घेऊन बसलो. नियम तेच धरले, म्हणजे तो एक शेळी दाखवणारच आणि मुभा देणारच. माझं दार 1/4. उरलेल्या तिघांकडे मिळून 3/4, त्यांतलं एक उघडलं, बंद दोन राहिली, दोघांना सारखं वाटून 3/8 प्रत्येकी. म्हणजे इथे बदलून दुप्पट नाही, दीडपट. बरोबर आहे का? आणि त्याने लगेच दुसरी शेळीही दाखवली तर मी पहिल्या शेळीनंतर बदलायचं की शेवटपर्यंत थांबून एकदाच?

आकडेमोड
3/8 बरोबर. थांबा आणि शेवटी एकदाच बदला, 3/4 मिळतात. आधीच बदललंत तर तुमच्या हातात 3/8 चं दार येतं, आणि मग उरलेल्या दोघांतून तो शेळी दाखवतो तेव्हा पुन्हा बदललंत तरी 5/8 च. हे 5/8 कुठून आले ते 800 खेळ धरून मांडून बघा.