एका पॅराचे तीन ड्राफ्ट: एक अख्खा घ्यावा का तिन्हीतलं निवडावं?

मांजराकाठ (लातूर):
मंडळाच्या स्मरणिकेसाठी पाणीरेल्वेवर पॅरा लिहिला. तिघांनी दुरुस्त करून दिला, तिन्ही वेगळेच आलेत. एकच उचलू का जोडून एक करू?

माझा: "२०१६ साली लातूर शहराला भीषण पाणीटंचाईचा सामना करावा लागला. मांजरा धरण कोरडे पडल्यामुळे मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले व पहिल्या फेरीत ५ लाख लिटर पाणी आले, नागरिकांनी रांगा लावल्या आणि त्या काळात खूप हाल झाले."

क (शाळेतले सर): "मांजरा धरणाने तळ गाठला आणि लातूरचे नळ बंद पडले. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली. तिने ५ लाख लिटर पाणी आणले. नागरिकांना अतोनात हाल सोसावे लागले."

ख (बहीण): "आम्ही रात्री दोनला घागरी घेऊन रांगेत उभं राहायचो. टँकर कधी येईल कुणालाच माहीत नसायचं. मांजरा आटली होती. मग एक दिवस मिरजेहून पाणी घेऊन रेल्वे आली."

ग (पेपरात काम करणारा मित्र): "दहा वाघिणी, प्रत्येकीत ५० हजार लिटर. मिरजेहून आलेलं हे पाणी थेट नळाला गेलं नाही. आधी विहिरीत उतरवलं, मग शुद्ध केलं आणि टँकरनं वाटलं."

सोयाबीन_उदगीर:
ख घ्या, विषय संपला. एक माणूस बोलायलाय असं त्याच्यातच वाटतंय. तिघांचे तुकडे जोडले की गोधडी होती, वाचणाराला प्रत्येक टाका दिसतो. सरांचं "अतोनात हाल" आणि ताईचं "दोनला रांगेत" एका पॅरात कसं बसवणार, सांगा मला.

जुना_डेस्कवाला (नांदेड):
नुसते तुकडे चिकटवले तर टाके दिसणारच, पण तिन्ही समोर असण्याचा पहिला फायदा जोडण्यात नाहीच. आधी तिन्हींत काय सारखं झालंय ते बघा. तिघांनीही "सामना करावा लागला" उडवलं, एकानंही ठेवलं नाही. ते वाक्य परत आणायचा मोह सोडा. तिघांनीही तुमचं दुसरं लांबलचक वाक्य फोडलं, म्हंजे अडचण तिथंच होती, फोडायची जागा मात्र प्रत्येकाची वेगळी.

आता कुठं वेगळे पडले ते बघा. हाल सरांनी नाव घेऊन सांगितले, बहिणीनं ते नावच घेतलं नाही, रांग दाखवली. मी बहिणीचं ठेवीन, आणि तिची रांग ठेवली की सरांचं शेवटचं वाक्य आपोआप जातं, दोन्ही ठेवले तर एकच गोष्ट दोनदा. तसंच "धरणाने तळ गाठला" आणि "मांजरा आटली" ही एकच बातमी, एकच ठेवा. धरणाचं ठेवीन, कारण तुमच्या मूळ पॅरात धरणच होतं, नदी आटणं वेगळं.

मग पाया एकाचाच घ्यायचा, इथं ख. बाकीच्यांतून फक्त ख मध्ये नसलेलं घ्यायचं, आणि ते पायाच्या भाषेत नव्यानं टाईप करायचं, कॉपी-पेस्ट नाही. "आणले"चं "आणलं" करावं लागतं. सर्वनामंही बघा, सरांचं "तिने" रेल्वेला आहे, ते वाक्य मित्राच्या वाघिणीमागं लावलं तर एकदम लटकतं. असं होईल:

"आम्ही रात्री दोनला घागरी घेऊन रांगेत उभं राहायचो. टँकर कधी येईल कुणालाच माहीत नसायचं. मांजरा धरणानं तळ गाठला होता. एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, दहा वाघिणी, ५ लाख लिटर. ते पाणीही थेट नळाला गेलं नाही. विहिरीत उतरलं, शुद्ध झालं आणि पुन्हा टँकरमधूनच आलं."

मित्राचे ५० हजार काढले, दहा वाघिणी आणि ५ लाख सांगितल्यावर ते वाचणारा स्वतः करतो. "पुन्हा टँकरमधूनच" हे तिघांतल्या कुणाचंच नाही. ख चा टँकर आणि ग चा टँकर एका पॅरात आल्यावर ते दिसलं.

तात्या_औसा:
रेल्वेचं कौतुक किती दिवस करायचं रे. उजनीचं पाणी लातूरला कधी येणार ते लिहा स्मरणिकेत.

मांजराकाठ:
तात्या, तो वेगळा लेख आहे, पान नंबर ९. इथं फक्त पॅराचं चाललंय.

सोयाबीन_उदगीर:
डेस्कवाले, साल कुठं गेलं? नुसतं "एप्रिलमध्ये". कोणत्या वर्षीचा एप्रिल? हेच म्हणायलो मी, जोडाजोडीत काही ना काही गळतंच. आपल्याला २०१६ पाठ आहे, पण दहा वर्षांनी एखादं पोरगं वाचेल त्याला काय कळणार.

जुना_डेस्कवाला (नांदेड):
"एप्रिल २०१६ मध्ये" करा. पण साल जोडल्यामुळं गळालं हे पटत नाही. ख मध्ये ते नव्हतंच आणि ग मध्येही नाही. तुमच्या म्हणण्याप्रमाणं ख अख्खा घेतला असता तर साल तर गेलंच असतं, वर ५ लाखही गेले असते, धरणही गेलं असतं. अख्खा घेतला की गळालेलं कुणी मोजत नाही, कारण वाचताना ते गुळगुळीत लागतं. म्हणून शेवटचा ड्राफ्ट कसाही केला तरी मूळ पॅरा शेजारी ठेवून आकडा, जागा, साल एकेक टिक करत जायचं.

परभणीची_लेक:
माझ्या लग्नपत्रिकेचं असंच झालं, काकाचा मजकूर, आत्याचा मजकूर आणि छापणाऱ्याचा मजकूर, तिन्ही जोडले आणि "आग्रहाचे निमंत्रण" तीनदा आलं. कुणी मोठ्यानं वाचलंच नाही छापायच्या आधी. तुम्ही वाचा एकदा, कानाला लगेच कळतं. बरं, मला दुसरंच विचारायचंय. पॅरावर नाव कुणाचं येणार? "आम्ही रात्री दोनला" हे तुमच्या बहिणीचं आहे ना?

मांजराकाठ:
माझं येणार. मी तेव्हा पुण्याला हॉस्टेलवर होतो, रांगेत घरचे उभे राहायचे.

परभणीची_लेक:
मग ते वाक्य उसनं घेता येत नाही. आकडा उसना घेतला तर कुणाचं काही जात नाही, वाघिणी दहाच राहतात. पण "आम्ही" उसनं घेतलं की तुम्ही तिथं होतात असं होतं.

सोयाबीन_उदगीर:
आम्ही म्हंजे लातूरकर. स्मरणिका अख्ख्या मंडळाची आहे, एवढं कोण बघतंय.

जुना_डेस्कवाला (नांदेड):
मला परभणीच्या ताईंचं पटतंय. "घरचे रात्री दोनला रांगेत उभे राहायचे" करा. थोडं थंड पडतं, हे कबूल. नाहीतर बहिणीचं नाव तुमच्यासोबत द्या आणि "आम्ही" ठेवा. पण "आम्ही" च्या जागी "नागरिक" घालू नका, मग परत सरांच्याच वाक्यापाशी येता.

मांजराकाठ:
बहिणीला फोन केला. म्हणायली नाव नको, वाक्य तसंच घे, तुझंच समज. आणि घागरी काढून टाक म्हणे, आपल्याकडं प्लास्टिकचे कॅन होते, घागर लिहिताना बरी दिसली म्हणून लिहिली.

जुना_डेस्कवाला (नांदेड):
कॅनच लिहा. तिघांतलं सगळ्यात चांगलं म्हणून जे वाक्य मी पाया धरलं तेच आधी विचारून घ्यायला पाहिजे होतं असं दिसतंय.

परभणीची_लेक:
कॅनचं ठीक. तिनं हो म्हणलं तरी "आम्ही" खाली तुमचं एकट्याचं नाव, मला नाही पटत.

सोयाबीन_उदगीर:
तिचीच हरकत नाही तर आपली कशाला.