मागे फिरणारा बाण

> 'सांडपाणी शुद्धीकरणाच्या फ्लो डायग्राममधे क्लॅरिफायरकडून, म्हणजे गाळ खाली बसवणाऱ्या टाकीकडून, मागे जाणारा बाण मुलं नुसता पाठ करतात, कसं समजवायचं?'

आधी जाळी, ग्रिट चेंबर, प्रायमरी टाकी पटकन रेखाटून घ्या, तिथे फार अडकू नका. खरी गंमत एरेशन टाकीपासून, जिथे हवा सोडून जीवाणूंकडून पाण्यातली घाण खाववली जाते. पाणी तिथे काही तासच थांबतं पण जीवाणूंना कित्येक दिवस ठेवावं लागतं, म्हणून क्लॅरिफायरमधे खाली बसलेला गाळ, म्हणजे हेच जीवाणू, परत आणायचा, आणि रोज वाढणारा जादा गाळ दुसऱ्या बाणाने बाहेर. हे दोन बाण वेगळ्या रंगात काढाच.

मग बाणावर आकडे लिहायला लावा. टाकीत लिटरला ३००० मिग्रॅ गाळ आणि परतीच्या लाइनमधे ९०००, तर ३००० भागिले (९०००−३०००), म्हणजे येणाऱ्या पाण्याच्या निम्मं परत फिरवायचं. आता गाळ फुगला, तंतुमय जीवाणू माजले, नीट बसेना, परतीत जेमतेम ५००० मिळतायत, की त्याच गणिताने येणाऱ्या पाण्याच्या दीडपट परत फिरवावं लागतं! पंप तेवढा नसतो, मग गाळ क्लॅरिफायरमधे चढत जातो आणि शेवटी वरून वाहतो. ओळखायचं कसं, तर लिटरच्या नळकांड्यात टाकीतलं पाणी अर्धा तास ठेवायचं, गाळ ३०० मिलिलिटरवर बसला तर ठीक, ६०० वर राहिला तर फुगलाय.

आपल्याकडे रत्नागिरी-चिपळूणला पावसाळ्यात गटारात पावसाचं पाणी शिरलं की चांगला गाळसुद्धा असाच वाहून जाऊ शकतो, कारण क्लॅरिफायरमधून वर चढणाऱ्या पाण्याचा वेग वाढतो. जुलैचा फ्लो घालून तीच आकृती परत सोडवायला द्या.