‘गोइंग गेट्स टफ’चं मराठी काय करावं?

क्रीडाशिक्षिका, चोपडा: मुलींच्या कबड्डी संघाच्या फ्लेक्सवर ‘व्हेन द गोइंग गेट्स टफ, द टफ गेट गोइंग’ मराठीत हवंय. एका पालकांनी करून दिलं: ‘जेव्हा जाणे कठीण होते, तेव्हा कठीण लोक जाऊ लागतात.’ पोरी हसून लोळल्या. कोण गेलं म्हणे, तेरावं कधी?

फ्लेक्सवाला, यावल: मॅडम, शब्दाला शब्द लावूच नका. सरळ ‘प्रयत्नांती परमेश्वर’ टाका.

निवृत्त मराठी शिक्षक, अमळनेर: भाऊ, पहिलं बरोबर, दुसरं नाही. तुमच्या म्हणीत फळ मिळतं. इंग्रजीत फळाचं नावच नाही. संकट आलं आणि माणूस उठला, एवढंच. शिवाय ‘टफ’ आधी वाटेला लागतो, मग माणसाला. सगळी गंमत त्या उलटापालटीत आहे. मराठीतही असा एकच शब्द शोधायचा, जो वाटेलाही लागेल आणि माणसालाही. ‘कठीण’ माणसाला लावला की तो माणूस तिरसट वाटतो. ‘खडी’ बघा: खडी चढण, खडा पहारा. ‘वाट खडी, गडी खडा.’ ‘जेव्हा-तेव्हा’ आपोआप गळतं, आणि चारही शब्द तीन-तीन मात्रांचे.

केळीवाला, रावेर: माझंही ऐका. रोपवाटिकेच्या पाटीवर ‘ग्रो विथ अस’चं ‘आमच्यासोबत वाढा’ केलं. लोक विचारतात, पंगत कधी? बाकी सर, आमना गावमा खडी म्हंजे रस्तावर टाकतस ती. आणि गडी म्हणजे सालगडी.

क्रीडाशिक्षिका, चोपडा: कबड्डीत गडीच म्हणतात, मुलींनाही. पण फ्लेक्सवर पोरींचे फोटो आणि खाली ‘गडी खडा’?

निवृत्त मराठी शिक्षक, अमळनेर: मग ‘वाट खडी, पोर खडी’. एकाच रूपात दोन अर्थ, हे तर मूळाच्या आणखी जवळ गेलं. खडीचा घोळ मात्र राहतो. ‘वाट’ आधी आहे म्हणून चढण सुचेल असं मला वाटतं, पण रावेरकरांना नाही सुचली, हेही खरं.

क्रीडाशिक्षिका, चोपडा: सर, अजून एक अडतंय. ‘गेट गोइंग’ म्हणजे निघणं. खडी पोर तर उभीच आहे! कबड्डीत उभी राहिली की पकडलीच. आमच्याकडे ‘चढाई’ हा शब्द आहे. ‘वाट चढाची, पोर चढाईची’ कसं वाटतं?

निवृत्त मराठी शिक्षक, अमळनेर: वा! हालचाल परत आली. फक्त ‘चढाईची’त दोन मात्रा वाढतात, जीभ अडखळते. आणि कबड्डी न कळणाऱ्याला ‘चढाईची पोर’ भांडकुदळ वाटेल. मी ‘खडी’वरच राहीन.

क्रीडाशिक्षिका, चोपडा: आज सरावाला दोन्ही ओरडून पाहिल्या. ‘खडी’ एका दमात निघते. ‘चढाईची’ला चढाई करणाऱ्या पोरींनी टाळ्या वाजवल्या, पकड करणाऱ्या गप्प.

फ्लेक्सवाला, यावल: दहा बाय तीनच्या फ्लेक्सवर दोन्ही ओळी बसतात, पण अक्षरं बारीक होतील. आठला मशीन लावतो, तोवर कळवा.